दोन एम. एल. आत्राम

हर्षा रामटेकेच्या लिखाणाला कोणी हात लावलेला तिला खपत नसे, आणि तिचा हा ताठा केंद्रातल्या सगळ्यांनी मुकाट्याने मान्य केला होता. कारण ताठ्याला आधार होता. आलापल्लीहून अहेरीकडे जाताना सागवनाच्या आड जे आरोग्य अभ्यास केंद्र लागतं, तिथली ती संशोधक. वडशाजवळच्या खेड्यातली, शेतात रोवणीला जाणाऱ्या माणसांच्या घरातली मुलगी मुंबईला जाऊन सार्वजनिक आरोग्याची पदवी घेते आणि तिथं नोकरी न धरता परत याच जंगलात येते, म्हणजे तिच्या अंगात काहीतरी असणारच. हर्षाला ते माहीत होतं आणि ते लपवायची तिला हौस नव्हती.

आता तिचा पहिला मोठा शोधनिबंध तयार झाला होता. विषय सर्पदंशाचा. जिल्ह्याच्या दक्षिण भागात साप चावलेली माणसं दवाखान्यात उशिरा का पोचतात, याचा तीन तालुक्यांतला अभ्यास. लेखकांमध्ये पहिलं नाव तिचं, शेवटचं केंद्राचे संचालक डॉ. श्रीहरी बोरकर यांचं. निबंध इंग्रजीत होता, पण त्याचा जीव मराठीत होता. काही वर्षांपूर्वी केंद्रानं गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्यांकडून त्यांच्याच गावांचे अभ्यास करवून घेतले होते. ज्यानं गाव पिंजून काढलं त्याच्याच नावानं ते छापले होते. पातळ, लाल कव्हराच्या त्या पुस्तिकांचं नाव सगळ्यांचं एकच होतं, ‘सर्पदंश : गावचा अभ्यास’, आणि खाली बारीक अक्षरात गावाचं नाव. मोठ्या मोठ्या प्राध्यापकांच्या निबंधांच्या रांगेत हर्षानं या पुस्तिकांचे दाखले दिले होते, आणि ते वाचताना तिला उगीचच ताठ बसावंसं वाटे.

दाखले तिनं लेखक आणि वर्ष या पद्धतीनं दिले होते. म्हणजे विधान संपलं की कंसात लेखकाचं आडनाव आणि साल, आणि शेवटची यादी आडनावांच्या वर्णक्रमानं. याच पद्धतीत एक पोटनियम आहे. दोन लेखकांचं आडनाव एक असेल तर आद्याक्षरं लिहायची, आणि आद्याक्षरंही एकच निघाली तर पूर्ण नाव. या भागात हा नियम फार कामाला येतो. मंगली लटारू आत्राम आणि मिथुन लटारू आत्राम ही सख्खी बहीण-भाऊ, ती तेव्हा बापाच्या गावी, तो शेजारच्या गावात शेती करायला गेलेला, दोघंही केंद्राचे कार्यकर्ते, दोघांच्या पुस्तिका एकाच वर्षी निघालेल्या. इंग्रजीत दोघंही एम. एल. आत्राम, दोन हजार सोळा. म्हणून हर्षानं एकीकडे ‘मंगली आत्राम, २०१६’ आणि दुसरीकडे ‘मिथुन आत्राम, २०१६’ असं लिहिलं होतं. पानावर ती दोन नावं पाहिली की तिला तो निबंध आपल्या जिल्ह्याचा वाटायचा.

पण निबंध कुठं पाठवायचा हा प्रश्न होता. एक नियतकालिक समाजशास्त्राचं, लेखक-वर्ष पद्धतीचं. तिथल्या संपादकांनी विषय आवडल्याचं आधीच कळवलं होतं. दुसरं डॉक्टरांचं. तिथं दाखले क्रमांकानं लागत. चौकटी कंसात आकडा, आणि शेवटची यादी वर्णक्रमानं नाही तर मजकुरात जो दाखला आधी आला तो आधी, अशी.

“हर्षा, आपल्याले डॉक्टरच्यावालंच पाहिजे,” श्रीहरी सर म्हणाले. ते चंद्रपूरचे, उभा जन्म सरकारी दवाखान्यात काढून इथं आलेले. “प्राथमिक केंद्रातला पोरगा डॉक्टर दुसरं काही वाचत नाई. रात्री दोन वाजता पेशंट आला, अंगावर खूण नाई, पोट दुखते म्हणते, तर त्याच्या डोक्यात मण्यार आली पाहिजे. ते कोण घालणार त्याच्या डोक्यात? समाजशास्त्राचं मासिक?”

“पटते सर. पण तिथं सगळी नावं जातात. आकडे राहतात नुसते.”

“आकडा टाकला की वाक्य मोकळं होते. तुझ्या एका वाक्यात पाच कंस हायत. वाचणारा कंसातच अडकून राह्यते.”

हे खरं होतं आणि म्हणूनच हर्षाला जास्त झोंबलं. ती म्हणाली, “नाव चुकलं तर वाचताना लगेच दिसते, सर. आकडा चुकला तर कोणाच्या बापाले कळत नाई. नऊ काय आणि एकोणीस काय.”

“मंग चुकवू नको,” सर म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले. सरांचं चष्मा पुसणं म्हणजे निकाल.

निकाल झाला तरी हर्षाचा फणकारा काही दिवस गेला नाही. पण काम हातात घेतलं की ती राग बाजूला ठेवी. तिनं सगळ्यात आधी जुन्या पद्धतीतला निबंध जसाच्या तसा छापून घेतला आणि फायलीत लावला. हा आता बदलायचा नाही, याच्याशी नवा ताडून बघायचा, असं तिनं सगळ्यांना बजावलं. दुसरं म्हणजे आकडे हातानं टाकायचे नाहीत. दाखले ज्या सॉफ्टवेअरनं लावले होते त्यातच पद्धत बदलायची, म्हणजे मध्ये एखादा दाखला घातला तरी पुढचे आकडे आपोआप सरकतील. हातानं टाकलेले आकडे सरकत नाहीत. एक नवा घुसला की पुढची सगळी ओळ खोटी बोलायला लागते.

हे सॉफ्टवेअर आदेश गेडाम सांभाळायचा. आदेश केंद्राचा आकडेवारीचा माणूस, चामोर्शीचा, कामात वाघ आणि धीरात उंदीर. पद्धत बदलण्याआधी त्यानं संदर्भांचा साठा साफ करून घेतला, कारण साठ्यात दुहेरी नोंदी फार झाल्या होत्या. एकच निबंध त्यानंही भरलेला, तिनंही भरलेला. सॉफ्टवेअर अशा नोंदी स्वतःच शोधून दाखवतं, शीर्षक सारखं, आडनाव सारखं, नावाचं पहिलं अक्षर सारखं, वर्ष सारखं, की ‘या जुळवू का’ म्हणून विचारतं. आदेश हो म्हणत गेला. मग त्यानं पद्धत निवडली, एक बटन दाबलं, आणि निबंधभर कंसातली नावं जाऊन आकडे उगवले.

“घे,” तो म्हणाला. “तू हप्ताभर रडून राह्यली होती ना, चहा थंडा व्हायच्या आत झालं.”

श्रीहरी सरांनी पानं चाळली आणि ते खूश झाले. वाक्यं खरंच मोकळी झाली होती. “उद्या पाठवून देऊ,” ते म्हणाले.

“उद्या नाई सर,” हर्षा म्हणाली. “मी प्रत्येक आकडा पाहीन, मग पाठवू.”

“अबे, मशीननं केलं ते,” आदेश म्हणाला.

“मशीनले मंगलीबाई माहीत हाय का?” हर्षानं विचारलं. हे नुसतं तिच्या तोंडातून निघून गेलं. तिला तेव्हा कशाचाच संशय नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती व्हरांड्यातल्या टेबलावर जुनी आणि नवी प्रत शेजारी ठेवून बसली. तिची रीत अशी होती. जुन्या प्रतीत कंसातलं प्रत्येक नाव घ्यायचं, नव्या प्रतीत त्याच जागी कोणता आकडा आला ते पेन्सिलीनं नावाच्या डोक्यावर लिहायचं, आणि त्या आकड्याखाली यादीत तेच नाव आहे का ते बघायचं. सगळं झाल्यावर उलट्या बाजूनं यायचं, यादीतला एकेक क्रमांक घेऊन तो मजकुरात कुठं कुठं आला ते शोधायचं. एका बाजूनं तपासलं तर चुकीचा आकडा सापडतो, पण यादीतून कोणी नाहीसं झालं असेल तर ते दुसऱ्या बाजूनंच कळतं.

पहिल्या काही पानांतच बारीकसारीक निघालं. ‘सिंह आणि सहकाऱ्यांना असं आढळलं’ अशा वाक्यातलं नावही आकड्यानं गिळून टाकलं होतं आणि आता तिथं ‘[४] ना असं आढळलं’ असं काहीतरी लंगडं उभं होतं. तिनं नाव परत आणून आकडा त्याच्यामागे बसवला. तक्त्यातले दाखले तिनं स्वतःच कधीतरी घाईत हातानं टाइप केले होते, ते सॉफ्टवेअरला दिसलेच नव्हते आणि आकड्यांच्या राज्यात आडनावं मिरवत तसेच राहिले होते. ते तिनं पुसून सॉफ्टवेअरमधून पुन्हा लावले. हे काम तिला आवडत होतं. एकेक दाखला जागेवर बसताना बघून तिची मान आपोआप वर होत होती.

मग ती मंगलीच्या दाखल्यापाशी आली. रात्री घरात, जमिनीवर झोपलेल्या माणसांना साप चावतो, दुखत नाही, खूण दिसत नाही, म्हणून माणूस सकाळपर्यंत थांबतो, हे विधान. नव्या प्रतीत आकडा नऊ. तिनं पेन्सिलीनं नऊ लिहिला. दोन परिच्छेदांनंतर मिथुनचं विधान होतं, धान कापताना दिवसा पायाला होणाऱ्या घोणशीच्या दंशाचं. नव्या प्रतीत आकडा नऊ.

हर्षानं जुन्या प्रतीत पाहिलं. एकीकडे मंगली, एकीकडे मिथुन. नव्यात दोन्हीकडे नऊ. तिनं यादी उघडली. नऊवर एकच आत्राम होता, एम. एल., आणि पुस्तिका मिथुनच्या गावाची. मंगलीचा अभ्यास यादीत कुठंच नव्हता. निबंधातलं सगळ्यात महत्त्वाचं विधान, ज्याच्यासाठी सर डॉक्टरांच्या नियतकालिकामागे लागले होते, ते आता अशा पुस्तिकेकडे बोट दाखवत होतं जिच्यात रात्रीचा एकही दंश नव्हता.

तिनं पेन्सिल टेबलावर आपटली.

“आदेश,” तिनं आवाज दिला. “इकडं ये. मंगलीबाई कुठी गेली?”

आदेशनं येऊन पाहिलं, साठा उघडला आणि मानेवरून हात फिरवला. “जुळवली ना मी. दोन नोंदी होत्या. नाव तेच, साल तेच, पुस्तिकेचं नाव तेच. तुले सांगतो, मशीननंच दाखवली.”

“नाव तेच नाई. आद्याक्षरं तेच.”

“आता एम. एल. म्हणजे एम. एल. मले का माहीत बहीण आणि भाऊ हायत ते?”

“दोघंही दर महिन्याले तुझ्यासमोर बसून चहा पिते,” हर्षा म्हणाली. आदेशचे कान लाल झाले, आणि खुर्ची ओढून तो तिच्याजवळ बसला. तो उठून गेला असता तर भांडण वाढलं असतं.

त्याच दुपारी महिन्याची बैठक होती आणि मंगली आली. कुसमटोल्याची ही बाई आता अहेरीजवळ सासरी राहत होती, पण केंद्राच्या कागदांवर तिनं बापाचंच नाव ठेवलं होतं. कोणी विचारलं तर सांगे, काम आधी लागलं, नवरा मागून आला. उंच, सावळी, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. हर्षानं आडवळण न घेता तिला सगळं सांगितलं. तुमचा अभ्यास यादीतून गेला होता, मिथुनभाऊच्या अभ्यासात मिसळला होता, वेळेवर सापडला.

मंगलीनं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, “मिथुन त्याच्या गावात दिवसा हिंडे. रात्री कोण हिंडलं?”

“तुम्ही हिंडल्या.”

“सांजेला जेवणं झाली का मी घरोघरी जाओ. कोण खाटेवर झोपते, कोण भुईवर झोपते, चुलीजवळ कोण, दारापाशी कोण, समदं लिवलं. लोक म्हणत, लटारूची पोरगी पागल झाली, लोकाईच्या घरात झोपायच्या वेळी जाते. बापानं विचारलं काऊन जातेस. मी म्हटलं, साप ज्या वेळी येते त्या वेळी जाओ लागते.” ती आदेशकडे वळली. “आन तुमी मले भावात टाकून देलं.”

आदेशनं मान खाली घातली. “चुकलं बाई.”

हर्षाला संधी दिसली आणि तिनं ती सोडली नाही. ती मंगलीला घेऊन सरळ श्रीहरी सरांच्या खोलीत गेली. “सर, याच्यासाठीच म्हणत होते. तिकडं नाव पानावर असतं, म्हणून ही चूक त्याच दिवशी दिसली असती. इकडं आकड्याखाली दडून गेली. आणि दुरुस्त केलं तरी यादीत दोघंही एम. एल. आत्रामच राहणार. मी म्हणते, समाजशास्त्राच्या नियतकालिकाले पाठवू. तिथं मंगली आत्राम असं पूर्ण छापून येईल.”

श्रीहरी सरांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा पुसला नाही. “काम मंगलीबाईचं हाय,” ते म्हणाले. “त्याईलेच विचार.”

मंगलीनं विचारलं, “दवाखान्यातला डॉक्टर कोणता वाचते?”

“आकड्यावाला,” सर म्हणाले.

“मंग आकड्यावालाच. माझ्या गावात सोमारूची पोरगी रातभर पोट दुखून पहाटे मेली तवा डॉक्टर म्हणे अॅसिडिटी. त्या डॉक्टरनं वाचलं पाहिजे.” मग ती हर्षाकडे वळली. “पण हर्षा, माझं काम माझ्या नावानं पाहिजे. वाक्यात माझं नाव लिवता येते का नाई? का आकड्यावाल्याईनं नाव लिवाची मनाई केली?”

हर्षाच्या आता लक्षात आलं. मनाई कुठं होती? रुसण्याच्या भरात तिनंच धरून ठेवलं होतं की आकडे आले म्हणजे नावं गेली. सिंह आणि सहकाऱ्यांचं नाव तर सकाळी तिनं स्वतः वाक्यात परत बसवलं होतं, आकडा मागे ठेवून. नियतकालिकाच्या सूचना तिनं तिथंच उघडून पुन्हा वाचल्या. दाखल्याला आकडा हवाच, पण वाक्यात लेखकाचं नाव घेण्याला कोणाची हरकत नव्हती.

“येते,” ती म्हणाली. “लिवता येते.”

मग कामाला जोर आला. हर्षानं कपाटातून दोन्ही लाल पुस्तिका काढल्या, कारण बिघडलेली नोंद आठवणीवरून दुरुस्त करायची नाही, मूळ पुस्तक हातात घेऊनच करायची, असा तिचा नियम होता. मंगली पुस्तिका धरून वाचत होती आणि आदेश टंकत होता. केंद्राच्या सगळ्या कागदांवर नावं सरकारी रीतीनं, आडनाव पहिलं, अशी असत, आत्राम मंगली लटारू. कित्येक नोंदी तशाच्या तशा एका ओळीत भरलेल्या होत्या, आणि अशी ओळ पाहिली की सॉफ्टवेअर शेवटच्या शब्दालाच आडनाव समजतं. आदेशनं त्या दोन तर नीट केल्याच, बाकीच्या पुस्तिकाही एकेक काढून आडनाव आडनावाच्या रकान्यात आणि नाव नावाच्या रकान्यात घातलं. कोणी सांगितलं नव्हतं.

“नाईतर उद्या तुमचे बाबा लेखक झाले असते, बाई,” तो म्हणाला.

“लटारूले लिवता येत नाई,” मंगली म्हणाली, आणि तिघंही हसली.

पुस्तिकेच्या शीर्षकापुढे त्यांनी गावाचं नाव उपशीर्षक म्हणून लावलं, ते कव्हरवर होतंच. मराठी शीर्षक रोमन लिपीत, त्याचा इंग्रजी अर्थ आणि शेवटी ‘मराठीत’ अशी टीप. हर्षानं पुन्हा दोन्ही बाजूंनी तपासलं, मजकुरातून यादीकडे आणि यादीतून मजकुराकडे. आता नऊवर मंगली होती आणि दहावर मिथुन, आणि वाक्य असं झालं होतं, ‘मंगली आत्राम यांनी कुसमटोल्यात घरोघरी केलेल्या अभ्यासात [९] रात्रीचे बहुतेक दंश जमिनीवर झोपलेल्या माणसांना झाल्याचं आढळलं.’ हर्षानं ते मोठ्यानं वाचून त्याचा मराठीत अर्थ सांगितला. मंगलीनं एकदा अजून वाचायला लावलं. आपलं काम आपल्या नावानं ऐकताना तिचा चेहरा असा झाला की श्रीहरी सर उगाच खिडकीबाहेर बघायला लागले.

निबंध गेला. काही महिन्यांनी परीक्षकांचं मत आलं, आणि ते इतकं चांगलं होतं की हर्षानं ते आधी आईला फोनवर वाचून दाखवलं. त्या माउलीला इंग्रजीचा एक शब्द कळत नव्हता, पण पोरीचा आवाज कळत होता. परीक्षकांनी एकच मागणी केली होती, प्रस्तावनेत अलीकडचा एक अभ्यास घाला. आदेशनं तो घातला आणि त्यापुढचे सगळे आकडे एकेकानं सरकले, मजकुरात, तक्त्यात, यादीत, कुठं खोटं न बोलता. मंगली दहा झाली, मिथुन अकरा. तरी आदेश स्वतःहून जुनी प्रत काढून पेन्सिल घेऊन व्हरांड्यात बसला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं ताडून उठला. हर्षानं त्याला चिडवलं नाही. तिला त्याचाही अभिमान वाटला आणि तसं तिनं त्याला तोंडावर सांगितलं.

छपाईआधीची शेवटची प्रत आली तेव्हा हर्षा अहेरीच्या बाजारात होती. मंगलीच भेटली होती, सुकी मासळी आणि मिरच्या घेऊन, आणि दोघी एका चहाच्या ठेल्यापाशी उभ्या होत्या. हर्षाच्या मोबाइलवर नियतकालिकाचं पत्र उमटलं. संदर्भ तपासणाऱ्या माणसानं सगळं ठीक असल्याचं कळवलं होतं, फक्त एक शंका होती. संदर्भ दहा आणि अकरा एकच दिसतात. लेखक तोच, वर्ष तेच, प्रकाशक तोच, शीर्षकही जवळजवळ तेच. एक काढून टाकावा आणि पुढचे क्रमांक बदलावेत, ही विनंती.

हर्षानं ते मराठीत सांगितलं. सांगताना तिला वाटलं होतं की मंगलीला वाईट वाटेल. मंगली चहाचा घोट गिळून हसायला लागली, इतकी की ठेल्यावरची माणसं वळून बघायला लागली.

“लिव त्याले,” ती म्हणाली. “म्हणावं, आमच्या मायनं दोघाले येगयेगळं जन्म देलं. एका नंबरात बसत नाई आमी.”

हर्षानं मासळीची पिशवी तिच्या हातातून घेऊन बाकावर ठेवली आणि तिथंच उभ्या उभ्या इंग्रजीत लिहिलं, शांतपणे, एकही शब्द न चढवता. दहा आणि अकरा हे दोन वेगळे लेखक आहेत, बहीण आणि भाऊ, दोन वेगळ्या गावांचे दोन वेगळे अभ्यास. दोन्ही संदर्भ आहेत त्याच क्रमानं राहू द्यावेत. मग तिनं ते मंगलीला वाचून अर्थ सांगितला.

“बहीण आधी लिवली ना?” मंगलीनं विचारलं.

“आधीच लिवली. नंबरही तुमचाच आधी हाय.”

“काऊन? मी मोठी हाओ म्हणून?”

“नाई,” हर्षा म्हणाली. “तिथं कोणी मोठं-लहान पाहत नाई. लेखात तुमचं काम आधी लागलं, म्हणून.”

मंगलीनं मान हलवली, पदर नीट केला आणि ठेलेवाल्याला म्हणाली, “भाऊ, अजून दोन चहा दे. पैसे दहा नंबरवाली देईन.”